काकांचा दम

२६ जानेवारी, रात्री पावणेअकरा

घरभर मलमाचा वास पसरलाय. काकांचा उजवा गुडघा उशीवर आणि ते स्वतः फोनवर. डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट त्यांच्या तोंडून काय होते हे ऐकण्याआधी लिहून ठेवते.

काका सहासष्ट वर्षांचे. परळच्या चाळीत वाढले आणि तरुणपणी गिरणीच्या संघातून कबड्डी खेळले. हे खरं आहे, फोटो आहे. फोटोत अकरा माणसं आहेत आणि काका कोणते ते दर वेळी काकांनाच दाखवावं लागतं. एक पितळी कपही आहे. त्यात काकू लाइटची बिलं ठेवते. बाकीचा इतिहास आम्ही लहानपणापासून जेवताना ऐकलेला आहे. काकांचा दम म्हणे एवढा, की एका दमात सगळ्यांना हात लावून परत यायचं आणि मध्यरेषेवर उभं राहून वर आणखी दोनदा कबड्डी म्हणायचं. काकू वरण वाढता वाढता म्हणते, "आता दोन जिने चढताना कुठे जातो तो दम?"

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. आज झेंडावंदनानंतर गाडीतळाच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर पन्नाशीपुढचे विरुद्ध विशीतले असा गमतीचा सामना ठरला. मॅट भाड्याने आणली होती. पुरुषांचं पूर्ण १३ बाय १० मीटरचं मैदान बसेना, म्हणून महिलांच्या मापाचं, १२ बाय ८ चं आखलं. म्हणजे मध्यरेषेपासून निदान रेषा ३ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्या पुढे १ मीटर. ही मापं मला पाठ आहेत, कारण टेप मी धरली होती. गुण लिहायचं आणि मोबाइलवर सेकंद मोजायचं कामही माझ्याकडेच होतं. पंच होता चौथ्या मजल्यावरचा मुलगा, जो कॉलेजकडून खेळतो आणि दुर्दैवाने नियम नीट जाणतो.

काकांनी आठवडाभर पोरांना जिन्यात उभं करून शिकवलं होतं. आणि जे शिकवलं ते अगदी बरोबर होतं, हीच तर गंमत. छाती फुटेस्तोवर हवा भरायची नाही. मध्यरेषा ओलांडायच्या आधीच कबड्डी सुरू करायचं. उच्चार स्पष्ट, पण आवाज बारीक ठेवायचा, कारण ओरडलं की हवा भसकन जाते. नजर समोरच्याच्या डोळ्यांत नाही, गुडघ्यांवर ठेवायची.

पहिली चढाई अर्थातच काकांची. बूट नाकारून ते अनवाणी आले. मातीला वाकून नमस्कार करायची जुनी सवय, म्हणून मॅटलाही केला. तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "काका, दाखवाच!" झालं. बारीक आवाज विसरले. पहिलं कबड्डी असं निघालं की पहाऱ्यावरच्या वॉचमनने वर पाहिलं. दुसरं त्याहून मोठं. मग एक डौलदार येरझार डावीकडून उजवीकडे, एक उजवीकडून डावीकडे, आणि हवा संपली. काका मागे वळून रुबाबात परत आले. माझ्या मोबाइलवर ११ सेकंद. चढाईला ३० मिळतात.

पंचाने त्यांना बाद दिलं.

"कुणी धरलं मला?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही काका. निदान रेषा नाही ओलांडलीत."

कुणालाही हात लागला नाही तरी चालतं, पण ती रेषा एकदा तरी ओलांडून परत यावं लागतं. तिथपर्यंतचं अंतर ३ मीटर, म्हणजे आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं. तेवढं काका रोज रिमोट शोधताना जातात, पण तेव्हा कबड्डी म्हणावं लागत नाही.

आमच्या बाजूच्या एकाने गडी टिपला आणि काका पुन्हा जिवंत झाले. या वेळी डाव्या कोपऱ्यात. ही त्यांची खरी जागा. घोट्याची पकड हा त्यांचा हुकमी डाव, असं मला पाचवीपासून माहीत आहे. चढाई करणाऱ्या पोराने पाय पुढे टाकला आणि काकांनी खरंच झेप घेतली. काय झेप होती! दोन्ही हातांची मिठी घोट्याभोवती, खांदा नडगीला, मान आत. फक्त तो घोटा सोसायटीच्या खजिनदारांचा होता. पोरगं केव्हाच उडी मारून, जाता जाता दोघांच्या पाठीला हात लावून परत गेलेलं. "सोडा हो," खजिनदार म्हणत होते, आणि काका डोळे मिटून आणखी घट्ट धरत होते. विशीतल्यांना दोन गुण. काकू शेजारच्या खुर्चीवर पदर तोंडाला लावून बसली होती. रडत नव्हती.

तिसऱ्या वेळी मात्र मला काळजी वाटली, कारण काका गप्प झाले होते. चढाईला जाताना आवाज बारीक, नजर गुडघ्यांवर, सगळं जिन्यात शिकवल्यासारखं. समोर सहाजण होते. काकांनी डावीकडे हूल दिली आणि उजवा पाय लांब टाकला. मातीवर असा पाय टाकला की तो थोडा घसरतो, आणि चढाईपटू त्या घसरण्याच्या हिशेबानेच तोल सांभाळतो. काकांचं अंग चाळीस वर्षांपूर्वीच्या मातीचा हिशेब धरून होतं. मॅटवर अनवाणी तळवा घसरत नाही, चिकटतो. पाय जागच्या जागी रुतला, बाकीचे काका पुढे गेले, मागचा पाय हवेत. क्षणभर लंगडी घालताना दिसावेत तसे, आणि मग धप्प. तिघं धावले. दोघांनी खांदे धरून "काका, लागलं का?" विचारलं, तिसरा मात्र इमानदारीत पायांवर बसला.

पकडीचा गुण त्यांचा. पण पंच हात वर करून उभाच. रुतलेला पाय बोनस रेषेच्या पलीकडे पडला होता, मागचा पाय हवेत होता, समोर सहा गडी होते आणि दम अजून तुटला नव्हता. बोनसला याहून जास्त काही लागत नाही. काका पालथे पडूनच म्हणाले, "काय झालं?"

सामना आम्ही ३४–११ असा हरलो. त्या ११ मधला एक काकांचा.

आत्ता सांगलीच्या आत्याशी बोलणं चाललंय. "अगं, मुद्दाम पाय सोडला! हूल दिली डावीकडे... हो, सातच्या सात होते समोर." काकू आतून ओरडली, "सहा!" काकांनी फोनवर हात ठेवला.

मगाशी गुणांचा कागद मागून घेतला त्यांनी. चष्मा लावून आपली ओळ शोधली. मी लिहिलं होतं: बोनस १, वेळ ९ सेकंद. बराच वेळ बघत राहिले. मग माझं पेन घेतलं, नऊच्या आधी दोनचा आकडा काढला आणि कागद माझ्याकडे परत दिला.

"तिसाच्या आतच आहे," म्हणाले. "नियमात बसतं."