प्रस्तावना राहू दे, 1775 पासून सुरू कर

तुम्ही विचारलंत म्हणून: "इतिहासाची असाइनमेंट घेऊन बसते, वाचलेलं असतं सगळं, पण पहिली ओळच सुचत नाही. सुरुवात नक्की कुठून करायची?"

मधूनच कुठून तरी. प्रस्तावनेपासून नाही, एवढं मात्र नक्की. मी कॉलेजात असताना एका असाइनमेंटची पहिली ओळ अख्खी संध्याकाळ लिहीत आणि खोडत बसले होते, "जगाच्या इतिहासात क्रांत्यांना अनन्यसाधारण महत्त्व आहे" छापाची, आणि रात्री अकरा वाजता लक्षात आलं की ही ओळ कुठल्याही क्रांतीवरच्या कुठल्याही उत्तराला चिकटवता येईल, माझ्या प्रश्नाशी तिचा काडीचा संबंध नाही. प्रस्तावनेत आपण पुढे काय म्हणणार त्याची ओळख करून द्यायची असते, आणि मला काय म्हणायचंय हेच अजून ठरलं नव्हतं, मग ओळख कोणाची करून देणार?

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून भाचीचं उदाहरण देते. तिचा फोन आला, रडकुंडीला आलेली. प्रश्न होता: "1789 ची फ्रेंच राज्यक्रांती ब्रेडच्या महागाईमुळे झाली, हे विधान कितपत योग्य आहे?" पंधराशे शब्द, चार दिवस हातात, बावीस पानं नोट्स काढून झालेल्या आणि वर्ड फाइलमध्ये फक्त स्वतःचं नाव.

मी म्हटलं, "प्रश्न वाच बरं मोठ्याने." तिने वाचला. "आता सांग, यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द कुठला?"

"क्रांती?"

"नाही गं. कितपत."

इथेच बरेच जण अडकतात आणि त्यांना वाटतं आपल्याला लिहिता येत नाही. भाचीने तो प्रश्न मनातल्या मनात "फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा" असा करून टाकला होता, त्यामुळे तिच्यासमोर राजा, राणी, सरंजामदार, तत्त्वज्ञ, कर, दुष्काळ असं सगळंच एकदम उभं राहिलं आणि कुठून सुरू करावं कळेना. साहजिक आहे. "कितपत" विचारलंय म्हणजे एक कारण हातात दिलंय आणि त्याचं वजन करायला सांगितलंय. मग आम्ही त्या प्रश्नाचे तीन छोटे प्रश्न केले, एका बैठकीत उत्तर सापडेल एवढेच. ब्रेड खरंच महागला होता का, आणि किती? त्याआधी असाच महागला होता तेव्हा क्रांती का नाही झाली? आणि मग 1789 मध्ये वेगळं काय होतं?

दुसरा प्रश्न नीट बघा, सगळी गंमत त्यात आहे. एखादं कारण किती जड हे ठरवायचं असेल तर ते कारण हजर होतं पण परिणाम झाला नाही अशी वेळ शोधायची. हे एक जमलं की अर्धं काम झालं असं समजा.

नोट्सची बावीस पानं बाजूला ठेवायला लावली. आधी फक्त पहिला प्रश्न, वीस मिनिटं टायमर, आणि एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, सालासकट, शिवाय कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर तेही, नाहीतर शेवटच्या रात्री तीच गोष्ट परत शोधण्यात दोन तास जातात (अनुभवाचे बोल). चार चिठ्ठ्या झाल्या. जुलै 1788 मध्ये प्रचंड गारपीट होऊन पिकं झोपली. पुढचा हिवाळा इतका कडक की नद्या गोठल्या आणि पाणचक्क्या बंद, म्हणजे धान्य होतं तिथेही पीठ मिळेना. पॅरिसमधला चार पौंडी पाव उन्हाळ्यात साधारण 9 सूला होता, सू म्हणजे तिथलं छोटं नाणं, तो 1789 च्या फेब्रुवारीत साडेचौदाला गेला. आणि मजुराची निम्मी कमाई चांगल्या दिवसांतही ब्रेडवरच जायची. ही चौथी चिठ्ठी नसेल तर तिसरीला अर्थ नाही, कारण साडेचौदा सू म्हणजे जास्त की कमी हे वाचणाऱ्याला कसं कळणार.

दुसऱ्या प्रश्नाला 1775 सापडलं. सोळावा लुई गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालेलं, पीक वाईट, त्यात अर्थखातं सांभाळणाऱ्या तुर्गोने धान्याच्या व्यापारावरचे निर्बंध उठवलेले, भाव भडकले आणि एप्रिल-मे मध्ये पॅरिसच्या आसपास दंगलीच दंगली. पिठाचं युद्ध म्हणतात त्याला. पण सरकारने सैन्य पाठवलं, दोघांना फाशी दिलं आणि काही आठवड्यांत सगळं थंड. ही चिठ्ठी लिहिताना भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे ब्रेडने नुसती दंगल होते." हे वाक्य तसंच्या तसं लिहून ठेव म्हटलं.

मग कच्चा पॅराग्राफ, आणि तो याच वाक्याचा, पहिल्या पानाचा नाही. नियम दोनच ठेवले. पंधरा मिनिटं बॅकस्पेस दाबायचं नाही, आणि जे आठवत नाही ते शोधायला उठायचं नाही, चौकटी कंसात लिहून पुढे जायचं. तिने जे लिहिलं ते असं:

"1775 मध्ये पण ब्रेड महाग झाला होता. खराब पीक आणि तुर्गोने निर्बंध काढले म्हणून. खूप ठिकाणी दंगली झाल्या [किती? बघणे]. पण सैन्य आलं आणि सगळं शांत झालं. म्हणजे नुसत्या महाग ब्रेडने क्रांती होत नाही. 1789 ला वेगळं काय तर सरकारकडे पैसे नव्हते [इस्टेट्स जनरल इथे की पुढे?] आणि सैनिकच लोकांना मिळाले. त्यामुळे ब्रेड हे कारण आहे पण एकटं नाही."

भाषा ओबडधोबड आहे, असू दे. यात एक दावा आहे, त्याला पुरावा आहे, आणि त्यातून काढलेला निष्कर्ष आहे. शिवाय कच्चं लिहिल्याचा खरा फायदा म्हणजे भोक कुठे आहे ते दिसतं. "सरकारकडे पैसे नव्हते" आणि लगेच "सैनिक लोकांना मिळाले", या दोघांच्या मध्ये काय झालं? तिजोरी रिकामी होती याचा भुकेल्या माणसाशी संबंध काय? हा प्रश्न तिला नोट्स वाचताना पडला नव्हता, स्वतःचं वाक्य वाचताना पडला.

आता ती जे शोधायला गेली ते नेमकं होतं, त्यामुळे अर्ध्या तासात सापडलं. कर्जाच्या ओझ्याखाली ऑगस्ट 1788 मध्ये सरकारला काही देणी थांबवावी लागली, आणि त्याच महिन्यात इस्टेट्स जनरल ही 1614 नंतर कधीच न भरलेली सभा पुढच्या वर्षी बोलवायचं ठरलं. त्या सभेसाठी 1789 च्या वसंतात गावोगाव निवडणुका झाल्या आणि लोकांकडून तक्रारींच्या याद्या लिहून घेतल्या गेल्या. म्हणजे ज्या महिन्यांत ब्रेड भयंकर महाग होता, नेमक्या त्याच महिन्यांत राजाच लोकांना विचारत होता की तुमची गाऱ्हाणी काय! 1775 मध्ये भुकेला माणूस जाऊन धान्याच्या व्यापाऱ्याला घेरायचा, 1789 मध्ये तीच भूक कर कोणी भरायचा आणि सभेत मतं कशी मोजायची या भांडणाला जाऊन मिळाली. हे कळल्यावर तिचं एका ओळीचं उत्तर तयार झालं: ब्रेडने माणसं रस्त्यावर आणली, पण दिवाळखोर सरकारमुळे त्या गर्दीला राजकारण मिळालं.

दुसरा पॅराग्राफ मात्र बिघडला. 5 मेला सभा भरली, त्यानंतर 17 जूनला तिसऱ्या इस्टेटने, म्हणजे सामान्य लोकांच्या प्रतिनिधींनी, स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं, त्यानंतर 20 जूनला टेनिस कोर्टवरची शपथ, त्यानंतर 14 जुलैला बॅस्टिल या तुरुंग-किल्ल्यावर हल्ला. सगळं बरोबर, पण ही गोष्ट सांगणं झालं. ओळखायची सोपी खूण सांगते, वाक्यं जोडणारे शब्द बघा. सगळीकडे "मग" आणि "त्यानंतर" असेल तर तुम्ही प्रसंग सांगताय, "म्हणून", "तरीही", "याउलट" यायला लागले की मुद्दा मांडताय. तिला म्हटलं चारही तारखा ठेवायचा हट्ट सोड, ज्या ब्रेडबद्दल काहीतरी सांगतात त्याच घे.

तिने बॅस्टिल ठेवलं आणि ऑक्टोबर घेतला, जो आधी यादीत नव्हताच. 14 जुलैला बॅस्टिलवर गेलेली गर्दी दारूगोळ्यासाठी गेली होती, सकाळी मिळवलेल्या बंदुकांना दारू हवी होती, आणि राजाच्याच फ्रेंच गार्ड पलटणीतले शिपाई तोफा घेऊन त्यांच्यात सामील झाले. तीन दिवस आधी राजाने नेकर या लोकप्रिय मंत्र्याला काढलं होतं, तो राग ताजा होता. म्हणजे हा प्रसंग प्रश्नातल्या विधानाच्या थोडा विरुद्ध जातो. याउलट 5 ऑक्टोबरला पॅरिसच्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या त्या ब्रेड मागत, आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊन आल्या. तो विधानाच्या बाजूने. हे दोन शेजारी ठेवले की "कितपत" आपोआप तोलायला लागतं.

एक सांगायलाच हवं, काहीच वाचलेलं नसेल तर ही युक्ती चालत नाही. कच्च्या पॅराग्राफमध्ये वाक्यांपेक्षा कंस जास्त झाले की समजायचं, लिहिणं थांबवून आधी एक प्रकरण नीट वाचायला हवं. पण ते सुद्धा पंधरा मिनिटांत कळतं, संध्याकाळ फुकट जात नाही.

प्रस्तावना तिने शेवटच्या दिवशी लिहिली, दहा मिनिटं लागली असतील. पहिली ओळ होती, "1775 मध्ये ब्रेड महागला तेव्हा लुईची सत्ता हलली नाही, 1789 मध्ये मात्र हलली." मला फार आवडली. मार्कही बरे आले. फक्त दुसऱ्या पानावर एक कंस काढायचा राहून गेला होता, [किती? बघणे], आणि त्याच्या शेजारी सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, "मग, बघितलं का?"