सात मुलांसाठीचा ‘दोन’

माझ्या थीसिसचा प्रश्न साधा होता. घाटाखालच्या एका आदिवासी तालुक्यात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी किती जणांचं लसीकरण पूर्ण झालंय? सिनॉप्सिस लिहिताना सॅम्पल साइज काढला. प्रमाण ५० टक्के धरलं, अंदाज ७ टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तरी चालेल असं ठरवलं, आणि ९५ टक्के खात्रीसाठी १९६ मुलं आली. पण मुलांची यादी हातात नव्हती, गावं निवडून त्यात मुलं शोधायची होती, म्हणून डिझाइन इफेक्ट लावायचा, म्हणजे एकाच गावातली मुलं एकमेकांसारखी असतात याची भरपाई करायला मुलांची संख्या किती पट वाढवायची तो आकडा. आमच्या विभागातल्या आधीच्या सगळ्या थीसिसमध्ये तो २ होता, मीही २ लिहिला. १९६ दुणे ३९२. चौदा गावं, प्रत्येक गावात २८ मुलं. गावं जितकी कमी तितका जीपचा खर्च कमी, एवढाच विचार मी केला होता.

स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, “हा दोन कुठून आणलास?”

“सगळे दोनच घेतात, मॅडम.”

“एका गावात किती मुलं घेतली, तर दोन?”

मला उत्तर आलं नाही. त्या रात्री मी मागे जाऊन शोधलं. लसीकरण पाहणीची प्रसिद्ध ३० गुणिले ७ पद्धत हेंडरसन आणि सुंदरेसन यांनी १९८२ मध्ये मांडली. तिथे अंदाजाची सूट १० टक्क्यांची होती, म्हणून साध्या पद्धतीने ९६ मुलं लागत. त्याची दुप्पट १९२, आणि तीस ठिकाणी सात-सात घेतली की २१०. म्हणजे तो दोन एका ठिकाणी सातच मुलं घेण्याच्या बेताला जोडलेला होता. आम्ही आकडा उचलला आणि सात तिथेच सोडून आलो.

डिझाइन इफेक्टचं, म्हणजे deff चं, लेस्ली किश यांचं सूत्र आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं:

```
deff = 1 + (m - 1) * ICC
```

यात m म्हणजे एका गावातली मुलं, आणि ICC म्हणजे एकाच गावातली मुलं एकमेकांसारखी किती, याचं माप. ते शून्य असेल तर गावाने काही फरक पडत नाही. एक असेल तर एक मूल पाहिलं की सगळं गाव पाहिल्यासारखंच. आता हेच सूत्र उलटं लावून बघा. सात मुलांना deff २ असेल तर ICC साधारण ०.१७ निघतो. अठ्ठावीस मुलांना deff २ हवा असेल तर ICC ०.०३७ लागतो. मी नकळत असं गृहीत धरलं होतं की एका पाड्यातल्या मुलांमध्ये जवळजवळ काहीच सारखं नाही.

खरं किती आहे हे बघायला सहा गावांत पायलट केला, प्रत्येक गावात सात मुलं. लसीकरण पूर्ण झालेली मुलं निघाली ७, ६, ६, ५, ३ आणि २. शेवटच्या पाड्यातली दुपार मला अजून आठवते. आशाताईंच्या ओटीवर सात लसीकरण कार्डं ओळीने मांडली होती. त्यातल्या पाच कार्डांवरच्या नोंदी जवळजवळ एकाच सुमाराला थांबल्या होत्या. उपकेंद्राच्या सिस्टरची बदली झाली होती आणि जागा रिकामीच होती. उरलेल्या दोघांच्या लसी पूर्ण होत्या, कारण त्यांच्या आया बाळंतपणानंतर बरेच महिने माहेरी राहिल्या होत्या. तिसऱ्या घरानंतर मला नवीन काही कळलंच नव्हतं. सात आयांनी मला एकाच रिकाम्या जागेची गोष्ट सांगितली होती.

या सहा आकड्यांवरून गावागावांमधला फरक आणि गावाच्या आतला फरक वेगळा काढला (हे साध्या अनोव्हातून होतं), तेव्हा ICC ०.२३ आला. त्या शेवटच्या पाड्याला वगळून पुन्हा काढला, तर ०.१३. एक गाव गेल्याने आकडा जवळपास अर्ध्यावर येतो, एवढा सहा गावांचा पायलट कच्चा असतो. म्हणून तो अंतिम सत्य म्हणून घेता येत नाही. पण माझ्या गाइड सरांचं आणि माझं एकमत झालं की धरायचाच तर मोठा धरायचा. तो पाडा चुकून आलेला नव्हता, तालुक्यात तसे पाडे आहेतच.

मग जुना बेत तपासला. २८ मुलांना deff ७.२१ येतो. ३९२ भागिले ७.२१ म्हणजे ५४. दारोदार फिरून ३९२ मुलं पाहिली असती आणि माहिती मिळाली असती ५४ मुलांइतकी. ७ टक्क्यांची सूट १३ टक्क्यांवर गेली असती. उत्तर ‘५७ ते ८३ टक्के’ असं आलं असतं, आणि त्यावर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सांगण्यासारखं काहीच नसतं.

सुरुवातीला मला वाटलं, ठीक आहे, मुलं वाढवू. २८ मुलं तशीच ठेवली तर १९६ गुणिले ७.२१, म्हणजे १४१३ मुलं, ५१ गावं. सात-सात घेतली तर deff २.३८, मुलं ४६७, गावं ६७. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मी बराच वेळ बघत बसले. सोळा गावं वाचवायला साडेनऊशे जास्त मुलं बघायची! आणि गावातली मुलं कितीही वाढवली तरी गावांची संख्या १९६ गुणिले ०.२३, म्हणजे ४५ च्या खाली येऊच शकत नाही. चौदा गावांत अख्ख्या गावाची मुलं मोजली असती तरी माझं काम झालं नसतं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच दिसली, ती गणितातली नाही. हजार वस्तीच्या गावात या एका वर्षाच्या वयाची मुलं साधारण वीसच्या आसपास असतात. २८ मुलं मिळवायची म्हणजे मोठी गावंच घ्यावी लागली असती, आणि छोटे पाडे, जिथे सिस्टर पोचत नाही, ते आपोआप गळले असते.

शेवटी कुलूपबंद घरांचा आणि स्थलांतराचा विचार करून ७० गावं आणि सात-सात मुलं ठरली. दिवसाला दोन गावं, भल्या पहाटे निघून. विश्लेषणाच्या वेळी गाव हा क्लस्टर, म्हणजे एक गट, आहे हे R या सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, नाहीतर ते ४९० सुटी मुलं समजतं:

```r
library(survey)
d <- svydesign(ids = ~village, weights = ~wt, data = mul)
svymean(~purna, d, deff = "replace")
```

लसीकरण पूर्ण ७१ टक्के आलं, deff २.१. त्यामुळे अंदाजाची सूट ५.८ टक्क्यांची. गाव विसरून काढली असती तर ४ टक्क्यांची दिसली असती, आणि ती खोटी असती. २.१ वरून मागे गेलं तर ICC ०.१८ निघतो, पायलटपेक्षा थोडा कमी. हे तिन्ही आकडे, म्हणजे ICC, deff आणि गावामागे सात मुलं, मी थीसिसमध्ये एकाच ओळीत लिहिले, कारण नुसता deff पुढच्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

मागच्या महिन्यात ज्युनिअर आली. तिचा विषय गरोदर बायकांमधला ॲनिमिया आहे. “ताई, डिझाइन इफेक्ट किती धरू? तुझा २.१ लिहू?”

मी विचारलं, “एका गावात किती जणी घेणार आहेस?”

“वीस.”

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि कोरा कागद घेतला.