सहा सेकंदांचा एक हिशेब

आमच्या फोंड्याकडच्या गावात चवथीच्या दिवसांत मंडळ दरवर्षी लहान मुलांची तोंडी हिशेबांची स्पर्धा घ्यायचं, देवळाच्या सभामंडपात, वर कौलांवर पाऊस इतका की नीट ऐकू पण यायचं नाही. पहिली-दुसरीचा गट वेगळा, त्यांना वीसच्या आतल्या बेरजा, आणि आम्ही तिसरी-चौथीवाले, 40 हिशेब, 4 मिनिटं. म्हणजे एकाला सहा सेकंद. कच्चं काम करायचं नाही, बोटं मोजलीत तर बाई नुसत्या बघायच्या आणि तेवढंच पुरायचं.

पेपराचे तीन टप्पे असायचे. पहिले 20 एकदम सोपे, 7 अधिक 8 असले, मग 12 हातच्याचे, शेवटचे 8 गुणाकार-भागाकार. खरी मेख पहिल्या टप्प्यातच, कारण ते वीस एका मिनिटात उरकले तर पुढच्या वीसांना प्रत्येकी नऊ सेकंद मिळतात, आणि 25 गुणिले 16 ला नऊ सेकंद लागतातच. तेही युक्ती माहीत असली तर, पंचवीस चोक शंभर, सोळात चार चौके, झाले 400. पाढा म्हणत बसलेला तिथेच अडकायचा.

तिसरीत असताना माझी फजिती झाली ती मात्र हिशेबात नाहीच. हिशेबांचा कागद वेगळा आणि उत्तरांची पट्टी वेगळी असायची, एकाखाली एक 40 चौकटी. सत्ताविसावा होता 63 वजा 28, का कोण जाणे तो सुचेना, सोडला आणि पुढच्या 46 अधिक 38 चे 84 थेट 27 च्या चौकटीत लिहून मोकळी. तिथून सगळं एक घर वर सरकलं. शेवटचा हिशेब झाला आणि बघते तर खाली एक चौकट रिकामी! तेवढ्यात काकांनी एचएमटीचं घड्याळ वर धरून ओरडलंच, "पेन्सिली सकयल दवरात!"

तपासायला बाईंकडे पुठ्ठ्याची बरोबर उत्तरांची पट्टी होती, ती माझ्या पट्टीशेजारी लावली, 26 पर्यंत टिक टिक आणि मग फुल्याच फुल्या. बाई थांबल्या, पुठ्ठा एक घर वर सरकवला, तर तेराच्या तेरा उत्तरं जुळली. मी आशेने बघत होते. त्यांनी पुठ्ठा परत खाली आणला आणि 26 लिहिले.

चौथीत मी शहाणी झाले, सोडलेल्या चौकटीत आधी आडवी रेघ मारायची. वेळ उरला म्हणून परत आले, रेघ खोडायची राहिली, तिच्यापुढेच 35 लिहिलं. बाई म्हणाल्या, "हे काय गो, वजा पस्तीस?" मला वजा संख्या ठाऊकच नव्हत्या, मी म्हटलं, नाही बाई, नुसती रेघ. हसत हसत त्यांनी मार्क दिला.