चौथ्या नंबरासाठी तीन मिनिटं

शाळेच्या क्रीडादिनाचं भाषण बहुतेकदा चुकीच्या वेळी होतं. बक्षीस वाटपानंतर, म्हणजे ज्याला रडायचं तो रडून झाल्यावर, पाहुणे 'हार-जीत महत्त्वाची नसते' असं सांगतात. तेही चकचकीत कपांनी भरलेल्या टेबलाशेजारी उभं राहून! मुलं टेबलाकडे बघतात आणि काय खरं ते त्यांना कळतं.

हे भाषण पहिल्या शर्यतीआधी हवं. तीन मिनिटं पुरे. त्यात 'हरल्याचं वाईट वाटतं' हे आधी कबूल करावं आणि मग रेषा ओलांडल्यावरचं पहिलं मिनिट शिकवावं. लगेच बसू नका, चालत राहा, कारण वेगाने धावून एकदम थांबलं तर रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. श्वास जरा बसला की जिंकणाऱ्याकडे जा, हात मिळवा, 'मस्त धावलास' म्हणा आणि तिथेच थांबा. त्यापुढचा 'पण माझा बूट...' गिळायचा. बुटाचं कारण खरं असलं तरी ते सांगायचं संध्याकाळी, घरी. रडू आलं तर येऊ द्यावं; हात रडतारडताही मिळवता येतो.

उदाहरण द्यायचंच तर पी. टी. उषाचं द्यावं. 1984, लॉस एंजेलिस, 400 मीटर अडथळ्यांची शर्यत. तिसरी आलेल्या रुमानियाच्या धावपटूची वेळ 55.41 सेकंद, उषाची 55.42. सेकंदाचा शंभरावा भाग मुलांना कळत नाही, म्हणून त्याचं अंतर करून दाखवावं: चारशे मीटरला 55.42 सेकंद म्हणजे सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास, म्हणजे शंभराव्या भागात सात सेंटीमीटर. वक्त्याने चार बोटं जोडून वर धरावीत. एवढ्यावरून पदक गेलं.

इथे जीभ आवरणं अवघड. दोन वर्षांनी सोलच्या आशियाई स्पर्धेत तिने चार सुवर्णपदकं मिळवली, हे पुढे जोडायचा मोह होतोच. खरं आहे ते, पण जोडलं की हरणं म्हणजे पुढच्या विजयाचा आगाऊ हप्ता ठरतो आणि कधीच न जिंकणाऱ्या मुलाला आपण दुसऱ्यांदा हरवतो. चार बोटांवर थांबावं.

अर्थात आठव्या आलेल्याला या बोटांचा काय उपयोग? तो वीस मीटर मागे असतो. तो धावत असतानाच माइकवरून पुढच्या शर्यतीची नावं पुकारली जातात, रेषेवरचे स्वयंसेवक पांगतात, कुणीतरी कीव आल्यासारख्या टाळ्या वाजवतं. त्याच्या मनाला लागतं ते हे. म्हणून भाषणातलं शेवटचं वाक्य मुलांसाठी नाहीच, माइकवाल्यासाठी आणि रेषेवरच्या शिक्षकांसाठी आहे: शेवटचा मुलगा पोचेपर्यंत जागचे हलू नका, आणि त्याचीही वेळ लिहून घ्या.