१०३ आरपीएमवर अडकलेली मोटर

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. पॅकिंगच्या कन्व्हेयरचा वेग निम्मा करायचा होता, पण मोठी पुली बसवायला जागा नव्हती. म्हणून जुनी दीड एचपीची चार पोल मोटर बाहेरून आठ पोलची रिवाइंड करून आणली. हिशोब सरळ होता. सिंक्रोनस स्पीड, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा फिरण्याचा वेग, १५०० ऐवजी ७५०, म्हणजे लोडवर सातशेच्या आसपास.

बेल्टवर माल असताना स्टार्ट दिली तर मोटर फिरायला लागली, पण वेग चढेचना. घरघर आवाज येत राहिला आणि थोड्या वेळात ओव्हरलोड रिले पडला. ऑपरेटर म्हणाला, "दादा, मोटरमध्ये दमच नाहीये." पोल वाढवून रिवाइंड केल्यावर ताकद कमी होते हे खरंच आहे, त्यामुळे पहिला संशय तिथेच गेला. तिन्ही फेजचं व्होल्टेज बरोबर होतं, बेअरिंग मोकळं होतं. क्लॅम्प मीटरवर पाच ॲम्पियर दिसत होते, तेही तिन्ही फेजना सारखे. फुल लोडला पावणेदोनच्या आसपास अपेक्षित होते. म्हणजे करंट स्टार्टिंगचाच होता, तो उतरतच नव्हता.

मग टॅकोमीटर लावला. १०३ आरपीएम. बेल्टवरचे काही खोके उतरवले तर १०४, जास्त ठेवले तर १०१. इथे मी थबकलो. नुसत्या ओव्हरलोडने रखडणारी मोटर लोड बदलला की वेगही चांगलाच बदलते. ही मात्र एका आकड्याला चिकटून बसली होती. ७५० भागिले ७ म्हणजे १०७, आणि मोटर बरोबर त्याच्या जरा खाली. बेल्ट काढून रिकामी चालवली तर थेट ७३५ वर गेली. मोटर अशी सिंक्रोनस स्पीडच्या एक सप्तमांशाजवळ अडकून रांगते त्याला क्रॉलिंग म्हणतात, आणि त्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

कारण स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, स्लॉटमध्ये होतं. वाइंडिंग स्लॉटमध्ये बसतं, म्हणून एअर गॅपमधलं चुंबकीय क्षेत्र गुळगुळीत लाटेसारखं नसून पायऱ्यापायऱ्यांचं असतं. त्या पायऱ्यांमधून पाचवी, सातवी अशा हार्मोनिक लाटा निघतात. सातवी लाट मुख्य क्षेत्राच्याच दिशेने, पण एक सप्तमांश वेगाने फिरते. १०७ च्या खाली ती रोटरला पुढे ओढते. त्याच्या वर रोटर गेला की तीच मागे खेचते. त्यामुळे टॉर्कच्या आलेखात तिथे खड्डा पडतो. लोडचा टॉर्क त्या खड्ड्यापेक्षा जास्त असेल तर रोटर तो ओलांडू शकत नाही. पाचवी लाट उलट दिशेला फिरते, म्हणून ती सुरुवातीचा टॉर्क कमी करते, पण पुढे जाताना असं अडकवत नाही.

रिवाइंडिंगवाल्या काकांना फोन केला. ते अनुभवी आहेत, त्यांनी लगेच सुचवलं, "पिच १ ते ४ आहे, १ ते ३ करून देतो." पिच म्हणजे एका कॉइलच्या दोन बाजू कोणत्या स्लॉटमध्ये बसतात ते अंतर. ते कमी केलं की एरवी हार्मोनिक लाटा दबतात, म्हणून हा उपाय उत्तम, पण इथे तो चालणार नव्हता, आणि याच मुद्द्यावर आम्ही बराच वेळ बोललो. स्टेटरला २४ स्लॉट. आठ पोल आणि तीन फेज म्हटल्यावर दर पोलला दर फेजचा एकच स्लॉट येतो. दोन स्लॉटमधलं अंतर ६० इलेक्ट्रिकल अंश. सातव्या लाटेसाठी तेच अंतर सातपट, म्हणजे ४२० अंश. त्यातून एक पूर्ण फेरा वजा केला की पुन्हा ६०. म्हणजे या स्टेटरमध्ये सातवी ही स्लॉट हार्मोनिकच आहे, वाइंडिंगला ती मुख्य लाटेसारखीच दिसते. पिच कमी केल्यावर मुख्य लाटेला ०.८६६ ने गुणावं लागतं, सातवीलाही ०.८६६ नेच. उरतो फक्त एकूण कमी झालेला टॉर्क.

याच स्टेटरवर चार पोल असताना दर पोलला दर फेजचे दोन स्लॉट होते आणि स्लॉटमधलं अंतर ३० अंश. तेव्हा वाइंडिंग दोन स्लॉटमध्ये विभागल्यानेच सातवी लाट ०.२६ पट होत होती, आणि १ ते ६ पिचने पुन्हा तितकीच. म्हणून जुन्या वाइंडिंगवर कधी तक्रार नव्हती.

दुसरी गोष्ट रोटर बाहेर काढल्यावर दिसली. त्याचे बार सरळ होते. एका स्टेटर स्लॉटइतके तिरपे असते तर सातव्या लाटेचा परिणाम ०.१४ पटीवर आला असता आणि कदाचित हा प्रकार कळलाही नसता. त्या मापाचा तिरप्या बारचा रोटर शोधणं मला परवडणारं वाटलं नाही.

शेवटी काकांनी चार पोलचं वाइंडिंग परत भरून दिलं आणि आम्ही व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून वेग ठरवणारा ड्राइव्ह, लावून मोटर २५ हर्ट्झवर चालवली. फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढते, रोटर फिरत्या क्षेत्राच्या जवळच राहतो, त्यामुळे त्या खड्ड्यातून जावंच लागत नाही. कन्व्हेयर भरलेला असतानाही स्टार्ट होतो. फक्त निम्म्या वेगाला मोटरचा स्वतःचा पंखा पुरत नाही, म्हणून वर वेगळा पंखा बसवला आहे.