शिवनेरी शिवरायांनी बांधला कधी?

११ जुलै २०२५, शुक्रवार. माझी रात्रीची शिफ्ट होती. आमचं सकाळचं मराठी न्यूजलेटर साडेसहाला ईमेलने जातं, आठ बातम्या, प्रत्येकीला एक ओळीचं हेडिंग आणि खाली तीन ओळी. लोकांना वाटतं चार ओळी काय, पाच मिनिटांचं काम. मलाही जॉइन होताना असंच वाटलं होतं.

त्या रात्री एकच बातमी होती खरं तर. पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक चालू होती आणि तिथे आपले किल्ले यादीत गेले. ऑफिसात दोनतीन जण ट्रेकवाले, त्यांनी टाळ्या वगैरे वाजवल्या, ग्रुपवर भगवे झेंडे पडायला लागले, आणि माझ्यासमोर साडेआठशे शब्दांची कॉपी येऊन पडली, जिच्यात निम्म्याहून जास्त प्रतिक्रियाच होत्या.

मी इंट्रो वाचला, इतिहासाचा एक पॅरा वाचला, खाली भराभर स्क्रोल केलं आणि हेडिंग टाइप केलं:

शिवरायांनी बांधलेले राज्यातले १२ किल्ले जागतिक वारसा

आमच्या सिस्टीममध्ये हेडिंगला ५५ ची मर्यादा आहे. आणि ही मोजणी म्हणजे एक वेगळंच दुखणं आहे, कारण मशीन आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही, ते काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळं सुटं सुटं मोजतं. 'किल्ले' हा आपल्या डोळ्याला दोन अक्षरांचा शब्द, कि आणि ल्ले. मशीनच्या हिशेबात सहा. त्यामुळे जोडाक्षरं असलेला शब्द महाग पडतो आणि 'वारसा' सारखा सरळ शब्द स्वस्त. माझं हेडिंग ५२ वर बसलं होतं, त्यामुळे मी खूश.

खालच्या तीन ओळी पण लिहिल्या. पहिली, काय झालं. दुसरी, किती मोठा मान वगैरे. तिसरी ओळ होती, 'आता या किल्ल्यांच्या संवर्धनासाठी युनेस्कोचा निधी मिळणार.' आणि काकांना आवाज दिला. काका म्हणजे आमचे सीनियर, आयुष्यभर पेपरच्या डेस्कवर उपसंपादक होते, रिटायर झाल्यावर आमच्याकडे रात्रीचे येतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि एकदाच वाचलं.

"शिवनेरी आहे ना गं या बारात?"

"हो काका."

"तिथे महाराजांचा जन्म झाला."

"हो."

"मग त्यांनी तो बांधला कधी?"

मला दोन सेकंद कळलंच नाही. मग असं वाटलं की टेबलाखाली जाऊन बसावं. चौथीत शिकलेली गोष्ट आहे हो ही! पण हात टाइप करत असताना डोकं ते बघतच नाही, 'शिवरायांचे किल्ले' हे इतकं तोंडात बसलेलं असतं की त्याच्यामागे 'बांधलेले' आपोआप येऊन बसतं. पन्हाळासुद्धा शिलाहारांच्या काळातला. सिंधुदुर्ग, प्रतापगड हे महाराजांनी बांधून घेतलेले, पण सगळे बारा नाहीत. मूळ कॉपीत 'बांधलेले' असा शब्द कुठेच नव्हता, मी शोधून बघितलं. तिथे 'मराठ्यांनी उभारलेले, बदललेले किंवा वाढवलेले' अशा अर्थाचं लांबलचक वाक्य होतं, मी ते एका शब्दात दाबलं आणि दाबताना तीनपैकी एकच उरलं.

काका म्हणाले, आता नावं मोठ्याने वाच आणि बोटं मोड. मी वाचायला लागले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. अकरा. बारावा जिंजी.

जिंजी तमिळनाडूत आहे. विलुप्पुरम जिल्ह्यात. राजाराम महाराज रायगड सोडून तिकडे गेले आणि मुघलांचा वेढा पडलेला असताना कित्येक वर्षं तिथूनच राज्य चालवलं, हे पण शाळेतलंच. म्हणजे माझ्या हेडिंगमधला 'राज्यातले' हा शब्द पण गेला. गंमत म्हणजे ही चूक माझ्या एकटीची नव्हती, कॉपीच्या इंट्रोतच 'राज्यातील १२ किल्ले' होतं आणि जिंजीचं नाव थेट सहाव्या पॅऱ्यात, प्रतिक्रियांच्या मध्ये कुठेतरी. बातमीदाराने घाईत इंट्रो लिहिला असणार, खाली यादी अधिकृत पत्रकातून उचलली असणार, आणि दोन्ही एकमेकांशी भांडतायत हे कोणी बघितलंच नाही. तेव्हापासून मी इंट्रोवरून हेडिंग करत नाही. आधी कॉपीतली नावं आणि आकडे वहीत उतरवते, आणि इंट्रो त्या यादीसमोर धरून बघते. वेळ जातो, पण काय करणार.

मग काकांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हा निधी कोणी दिला?"

मी कॉपीत दाखवलं, एका प्रतिक्रियेत होतं, 'यामुळे निधीचा मार्ग मोकळा होईल.' काका हसले. म्हणाले, हे त्यांना वाटतंय, युनेस्कोने सांगितलेलं नाही. यादीत आलं म्हणून पैसे आपोआप येत नाहीत, जतन करायची जबाबदारी ज्या देशाचं ठिकाण आहे त्याच देशाची असते, युनेस्कोचा वारसा निधी आहे पण तो छोटा, आणि त्यातून मदत हवी असेल तर रीतसर मागावी लागते. म्हणजे एका माणसाची आशा मी अवतरणचिन्हं काढून बातमी म्हणून छापायला निघाले होते. 'होईल' चं 'मिळणार' पण मीच केलं होतं, कारण ते जास्त ठाम वाटतं.

तोवर एक वाजून गेला होता. नवीन हेडिंग घेऊन बसलो. 'शिवरायांचे' ठेवावं की 'मराठ्यांचे', यावर थोडा वाद झाला. माझं म्हणणं शिवरायांचं नाव असेल तर मेल जास्त उघडली जाते, आणि ते खरंच आहे. काकांचं म्हणणं नामांकनच मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेचं आहे, काळ सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाचा, एकट्या महाराजांचा नाही. काका जिंकले. मग जिंजी. 'जिंजीसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत' असं करून बघितलं, ४७, मर्यादेत बसतं. पण सकाळी चहा पिताना वाचणाऱ्याला पहिलाच शब्द जिंजी दिसला तर बातमी जिंजीचीच वाटते, रायगड कुठे गेला मग. म्हणून हेडिंगमधून काढलं आणि खाली दुसऱ्या ओळीत घातलं. 'जागतिक वारसास्थळं' पण नको झालं, कारण बारा वेगवेगळी स्थळं यादीत गेलेली नाहीत, बारा किल्ल्यांची मिळून एकच नोंद आहे. 'यादीत' म्हटलं की प्रश्न मिटला.

शेवटी जे गेलं ते असं:

मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत

युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत शुक्रवारी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची मिळून एकच नोंद झाली, भारताची ही ४४वी. रायगड, राजगड, शिवनेरीसह ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तमिळनाडूत. यातले ८ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे ४ राज्याकडे.

तिसरी ओळ मला फार आवडली, अजूनही आवडते. निधीच्या जागी काय टाकायचं म्हणून शोधत होतो, तर काका म्हणाले उद्या शनिवार आहे, पावसात अर्धं पुणं गडावर असणार, पायऱ्या मोडक्या दिसल्या तर शिव्या कोणाला घालायच्या ते तरी सांगू लोकांना. 'ऐतिहासिक क्षण' नाही, 'अभिमानास्पद' नाही. ते लोक आपापलं म्हणतीलच.

टेस्ट मेल पाठवली. मी फोनवर उघडून बघितली, काकांनी डेस्कटॉपवर उघडून बघितली, लिंक चालते, फोटो रायगडाचाच आहे, सगळं ठीक. शेड्यूल केली आणि अडीचला घरी गेले.

आठ वाजता फोन वाजायला लागला. रिप्लाय मेल्स. पहिली एका वाचकाची, तंजावरहून, तिथल्या मराठी कुटुंबातले, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. त्यांचं मराठी फार गोड आहे, थोडं जुन्या वळणाचं. अर्थ एवढाच की जिंजी महाराष्ट्रात कधी गेली हे आम्हाला कोणी कळवलं नाही.

मी म्हटलं असं कसं, आपण तर दुरुस्त केलं होतं! मेल उघडली, सगळं बरोबर. पुन्हा उघडली, बरोबरच. मग बॅक केलं आणि इनबॉक्सच्या यादीत दिसलं. हेडिंगच्या शेजारी ती जी फिकट करड्या अक्षरातली ओळ असते ना, मेल न उघडता दिसते ती, तिथे होतं, 'शिवरायांनी बांधलेले राज्यातले १२ किल्ले...'

झालं असं होतं की आमची सिस्टीम ही करडी ओळ पहिल्यांदा ड्राफ्ट सेव्ह करताना स्वतःच भरून ठेवते. नंतर हेडिंग बदला, मजकूर बदला, तिला पत्ता नसतो, तिचा रकाना वेगळा, सेटिंगच्या पानावर अगदी खाली. मी पहिलं हेडिंग टाइप करून कौतुकाने लगेच सेव्ह केलं होतं. आणि टेस्ट मेल आम्ही दोघांनी उघडून बघितली, पण उघडायच्या आधी ती यादीत कशी दिसते हे दोघांनीही बघितलं नाही. जे लोक फक्त यादी बघून पुढे जातात, आणि असे खूप असतात, त्यांनी फक्त चुकीचीच ओळ वाचली. गेलेली मेल काही परत बोलावता येत नाही. वेबवरचा अंक तपासला, तो बरोबर होता, त्याला करडी ओळच नसते.

काकांना फोन केला. झोपेतून उठले होते. मी सगळं सांगितलं, शेवटी जवळजवळ रडकुंडीला येऊन. ते एवढंच म्हणाले, "बरं. सोमवारी दुरुस्ती टाकू. एका ओळीत. लिहून ठेव."

तंजावरच्या काकांना मी स्वतः उत्तर लिहिलं, चूक कशी झाली ते पण सांगितलं. त्यांनी दुपारी परत लिहिलं की हरकत नाही, पण पुढच्या वेळी जिंजीचा फोटो लावा.

मग दुरुस्ती लिहायला बसले. पहिली आवृत्ती आली सहा ओळींची, तांत्रिक कारण, दिलगिरी, ड्राफ्ट, सिस्टीम, काय काय. कापत कापत सोमवारच्या अंकात सगळ्यात वर गेली ती ही: 'दुरुस्ती: शनिवारच्या मेलच्या पूर्वदृश्यात १२ किल्ले शिवरायांनी बांधलेले आणि महाराष्ट्रातले म्हटले होते, ते सगळे त्यांनी बांधलेले नाहीत आणि जिंजी तमिळनाडूत आहे.'

पाठवायच्या आधी काकांनी टेस्ट मेल मागवली, फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, उघडू नकोस, आधी नुसती बघ.