पंधराव्या दिवशी तो खुर्चीत बसू शकत नव्हता

ऑगस्टमधील त्या दिवशी सकाळी ओपीडीत आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला मी खुर्चीत बसायला सांगितले, आणि पुढच्या दहा मिनिटांत तो तीन वेळा उठून खिडकीपर्यंत जाऊन परत आला. बसला असतानाही उजव्या पायाची चप्पल फरशीवर सारखी टकटकत होती. त्याची आई दारातूनच म्हणाली, "मॅडम, चार रात्री झाल्या, गच्चीवर येरझाऱ्या घालतंय. बसंना, झोपंना, बोलाय गेलं की अंगावर येतंय. गोळी चालू केली आन् पोरगं आणखीच बिघडलं बघा." मी कोल्हापुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हा प्रसंग लिहीत आहे, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती कोणाच्याही हातून होऊ शकते.

हा मुलगा पंचगंगेकाठच्या एका गावातला, अकरावी सायन्सचा. चार महिन्यांपासून अभ्यास सुटला होता, मित्र तुटले होते, जेवण निम्म्यावर आले होते. पहिल्या भेटीत नैराश्याच्या पीएचक्यू-ए प्रश्नावलीवर त्याचे १९ गुण आले, म्हणजे आजार चांगलाच वाढलेला होता. जगण्यात अर्थ वाटत नाही, असे तो म्हणाला होता, पण मरणाचा विचार मनात येत नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितले होते. घराण्यात कोणाला उन्मादाचे झटके येऊन गेले आहेत का, हे मी आईवडिलांना दोनदा विचारून घेतले, कारण तसे असेल तर नैराश्यावरचे औषध उन्माद चेतवू शकते. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन व्यवस्थित होते. समुपदेशन सुरू केले आणि त्याच्या जोडीला सकाळच्या न्याहारीनंतर फ्लुओक्सेटीन १० मिलिग्रॅम दिले.

सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधाऐवजी फ्लुओक्सेटीन निवडण्यामागे कारण होते. किशोरवयीन नैराश्यात याच औषधाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. अमेरिकेत त्याला आठ वर्षांपासून पुढच्या मुलांच्या नैराश्यासाठी मान्यता आहे, तर सर्ट्रालीनला तिथे मुलांमध्ये फक्त मंत्रचळेपणासाठी. शिवाय हा मुलगा गोळी विसरणारा होता, आणि फ्लुओक्सेटीन शरीरात इतके रेंगाळते की एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही. मात्र त्याच्या या गुणालाच एक दुसरी बाजू आहे.

आठव्या दिवशी त्याला प्रत्यक्ष बघायचे ठरले होते. त्या आठवड्यात धुवाधार पाऊस झाला, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आणि त्यांच्या गावाचा रस्ता बंद झाला. मी फोन केला तो वडिलांनी उचलला. "त्रास काय नाही मॅडम, पण फरकही नाही," असे ते म्हणाले. मी मुलाशी बोलले नाही, आईशीही बोलले नाही, आणि मात्रा २० मिलिग्रॅम करायला सांगितली. औषधाच्या माहितीपत्रकात एका आठवड्यानंतर २० करण्याची मुभा आहे, त्यामुळे तो निर्णय नियमात बसणारा होता. पण फ्लुओक्सेटीन आणि शरीरात त्यापासून तयार होणारा दुसरा सक्रिय घटक यांची रक्तातली पातळी स्थिर व्हायला चार ते पाच आठवडे लागतात. आठव्या दिवशी १० मिलिग्रॅमची पातळीच अजून चढत असते, आणि पाणी चढत असतानाच मी वरून आणखी पाणी सोडले होते. शिवाय पहिल्या आठवड्यात मनःस्थितीत फरक न दिसणे हे मात्रा अपुरी असल्याचे लक्षणच नव्हते, कारण तो फरक दिसू लागायला दोन ते चार आठवडे जातात.

आई आता सांगत होती, की सहाव्या दिवसापासूनच त्याची झोप तुटू लागली होती. वडील फाउंड्रीत रात्रपाळीला असल्याने त्यांना ते माहीतच नव्हते.

आईला बाहेर थांबवून मी मुलाशी एकट्याने बोलले. जिवाला धोका दिसला तर मात्र घरच्यांना सांगावे लागेल, हे आधीच स्पष्ट केले. तो म्हणाला, "अंगात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होतंय. झोप पाहिजे, पण पडून राहताच येत नाही." हे वाक्य मला निदानासाठी फार उपयोगी पडले. उन्मादात झोपेची गरजच कमी होते आणि माणूस ताजातवाना, भरभरून बोलणारा, मोठमोठे बेत आखणारा दिसतो. हा मुलगा थकलेला होता, झोपेसाठी तळमळत होता आणि स्वतःच्या चिडचिडीने ओशाळलेला होता. ही औषधाने आणलेली अस्वस्थता होती, जी सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा मात्रा वाढवल्यावर लगेच दिसते. मग मी सरळ विचारले, की मरणाचे विचार येतात का. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तीन दिवस झाले येतात. कसं, काय, ते ठरवलं नाही. पण हे थांबावं असं वाटतं."

वडील तोवर पोचले होते आणि औषध कायमचे बंद करा म्हणत होते. त्यांनी मोबाइलवर धोक्याचा इशारा वाचला होता. तो इशारा खरा आहे, हे मी त्यांना सांगितले. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मुलांमधील चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांत शंभरात सुमारे चार जणांत आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत दोन जणांत दिसले. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. तुमचा मुलगा त्या चारांपैकी असू शकतो, म्हणूनच आज पाऊल मागे घेऊया, पण नैराश्यावर उपचारच न करणे हाही मोठा धोका आहे, असे मी म्हणाले. घाईने मात्रा मी वाढवली, हेही त्यांना सांगितले.

फ्लुओक्सेटीन पूर्ण थांबवले. ते हळू उतरते, म्हणून आराम पडायला काही दिवस लागतील, हे तिघांनाही समजावले. सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅमने सुरू केले असते, तर त्याची पातळी साधारण आठवड्यात स्थिर झाली असती आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत उतरली असती, हा त्याचा फायदा त्या दिवशी मला प्रकर्षाने जाणवला. रस्ता पुन्हा बंद पडला तर पंचाईत होईल, म्हणून मुलाला आईसह उचगावला मामाकडे ठेवायला सांगितले. त्याला एकटे सोडायचे नाही, सगळ्या गोळ्या आईच्या ताब्यात, शेतावरची औषधे कुलपात, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर माझा नंबर व टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, हे सगळे एका कागदावर लिहून दिले. विचार वाढले किंवा त्यात बेत दिसू लागला, तर वाट न बघता भरती करायचे, हेही ठरवले.

औषध थांबवल्यापासून पाचव्या दिवशी तो सलग सहा तास झोपला. मरणाचे विचार त्यापाठोपाठ ओसरले. दहाव्या दिवशी फ्लुओक्सेटीन १० मिलिग्रॅम पुन्हा सुरू केले आणि या वेळी दर आठवड्याला त्याला स्वतः बघितले. आई एका वहीत रोज झोपेचे तास, चिडचीड आणि 'बसवतंय का' अशा तीन नोंदी ठेवत होती. पाच आठवड्यांनी गुण ११ वर आले आणि तिथेच थांबले, तेव्हा मात्रा वाढवणे भाग होते. मी एक दिवस १०, एक दिवस २० असे सुरू केले. औषध शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने असा एकाआड एक दिवसाचा हिशेब फ्लुओक्सेटीनमध्ये जमतो, सर्ट्रालीनमध्ये तो जमत नाही. आणखी चार आठवड्यांनी गुण ६ झाले, त्यामुळे रोज २० पर्यंत जाण्याची गरजच पडली नाही.

दिवाळीनंतरच्या भेटीत आईने ती वही माझ्यापुढे ठेवली. 'बसवतंय का' या रकान्यात सहा आठवडे सलग 'व्हय' लिहिले होते.